एकाच गाभ्यावरच्या दोन कॉइल एकसरीत जोडल्या की इंडक्टन्स वाढतो की जवळपास संपतो?

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या परदेशी अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेले ट्रान्सफॉर्मर मिळतात. त्यातल्या अनेकांना मुख्य विजेच्या बाजूला दोन नव्हे, तर चार तारा असतात. कारण साधे आहे. अमेरिकेत घरात सुमारे १२० व्होल्ट येतात, भारतात २३०. दोन्हीकडे एकच ट्रान्सफॉर्मर चालावा म्हणून बनवणारा त्यावर ११५ व्होल्टची दोन सारखी वाइंडिंग गुंडाळतो. तिकडे ती समांतर जोडायची, इकडे एकसरीत.

आता समजा, अशा एका ५० व्हीए ट्रान्सफॉर्मरवरचे लेबल फाटले आहे. मल्टीमीटर लावला तर चार तारांच्या दोन जोड्या लगेच ओळखू येतात. प्रत्येक जोडीत साधारण २५ ओहम रोध आहे. पहिल्या वाइंडिंगचे एक टोक दुसऱ्याच्या एका टोकाला जोडायचे आणि उरलेली दोन टोके २३० व्होल्टला द्यायची, एवढेच काम. पण दुसऱ्या वाइंडिंगचे कोणते टोक? मल्टीमीटरला त्यात काही फरक दिसत नाही. कसेही जोडा, तो ५० ओहमच दाखवतो.

फरक दिसतो तो वीज दिल्यावर. एका जोडणीत ट्रान्सफॉर्मर मंद गुणगुणतो आणि काही जोडलेले नसताना ५० मिलिअँपिअरच्या आसपास करंट घेतो. दुसऱ्या जोडणीत जवळजवळ फक्त तो ५० ओहमचा रोध शिल्लक राहतो. २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा करंट आहे ०.२२ अँपिअर. हजार वॉटहून अधिक उष्णता त्या बारीक तांब्याच्या तारेत निर्माण होऊ लागते. फ्यूज असेल तर तो जातो, आणि नसेल तर आधी वार्निश जळल्याचा वास येतो व मग वाइंडिंग जाते.

तार तीच, वेढे तेच, गाभाही तोच. बदलली ती फक्त दुसऱ्या वाइंडिंगची दिशा. एवढ्याने इंडक्टन्स इतका कसा बदलतो, याचा हिशोब एका ओळीचा आहे. तो नीट समजला तर लेबल नसलेल्या ट्रान्सफॉर्मरची भीती राहत नाही.

दुसऱ्याचा फ्लक्स आपल्यातून जातो तेव्हा

कॉइलमधून करंट वाहिला की तिच्याभोवती चुंबकीय फ्लक्स तयार होतो. करंट बदलला की फ्लक्स बदलतो, आणि बदलता फ्लक्स त्याच कॉइलमध्ये त्या बदलाला विरोध करणारे व्होल्टेज निर्माण करतो. या विरोधाचे माप म्हणजे कॉइलचा स्वतःचा इंडक्टन्स. तो L या अक्षराने लिहितात आणि हेन्रीत मोजतात. एका सेकंदात एक अँपिअर इतक्या वेगाने करंट बदलताना कॉइलवर एक व्होल्ट आले, तर तिचा इंडक्टन्स एक हेन्री.

दोन कॉइल एकमेकींपासून लांब असतील तर प्रत्येक जण आपापल्या फ्लक्सपुरती विरोध करते. अशा कॉइल एकसरीत जोडल्या तर रोधांप्रमाणेच इंडक्टन्सची साधी बेरीज होते. पण त्या जवळ असतील, किंवा एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या असतील, तर पहिलीचा फ्लक्स दुसरीतूनही जातो. मग पहिलीतला करंट बदलला की दुसरीतही व्होल्टेज येते. या देवाणघेवाणीचे माप म्हणजे परस्पर इंडक्टन्स, M. त्याचा एक गुण मोलाचा आहे: पहिलीचा दुसरीवर जेवढा परिणाम, तेवढाच दुसरीचा पहिलीवर. कॉइल लहानमोठ्या असल्या, एकीला वीस वेढे आणि दुसरीला दोन हजार असले, तरी दोन्ही दिशांना M एकच असतो.

एकसरी जोडणीत दोघींतून एकच करंट वाहतो, आणि इथेच गणित सोपे होते. पहिलीवर दोन व्होल्टेज असतात: एक स्वतःच्या फ्लक्समुळे, एक दुसरीच्या फ्लक्समुळे. दुसरीवरही तसेच. दोन्ही फ्लक्स एकाच दिशेला असतील तर सगळी व्होल्टेज एकमेकांत मिळतात. फ्लक्स एकमेकांविरुद्ध असतील तर परस्पर भाग वजा होतो. करंट बदलण्याचा वेग सगळीकडे सारखाच असल्यामुळे तो बाहेर काढला की उरते ते असे:

```
L(aid) = L1 + L2 + 2M
L(opp) = L1 + L2 - 2M
```

पहिली ओळ साहाय्यक जोडणीची, दुसरी विरोधी जोडणीची.

विद्यार्थी इथे एक चूक हमखास करतात. ते M एकदाच मिळवतात, जणू तो जोडणीत कुठेतरी बसलेला तिसरा इंडक्टर आहे. पण M ही वेगळी वस्तू नाही, तो दोघींमधला व्यवहार आहे. तो दोन्ही वह्यांत लिहिला जातो, एकदा पहिलीच्या आणि एकदा दुसरीच्या. म्हणून २M.

पटत नसेल तर वेढे मोजून ताळा घेता येतो. एका गाभ्यावरच्या कॉइलचा इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेढे दुप्पट केले की इंडक्टन्स चौपट होतो. आता सारख्या वेढ्यांची दोन वाइंडिंग एकाच गाभ्यावर आहेत, प्रत्येकाचा इंडक्टन्स १ हेन्री, आणि एकीचा सगळा फ्लक्स दुसरीतून जातो असे धरू. ती सरळ दिशेने एकसरीत जोडणे म्हणजे दुप्पट वेढ्यांची एकच कॉइल बनवणे. तिचा इंडक्टन्स ४ हेन्री यायला हवा. सूत्र काय म्हणते? १ अधिक १ अधिक २, म्हणजे ४. M एकदाच मिळवला असता तर ३ आले असते, आणि ते वेढ्यांच्या हिशोबाशी जुळले नसते. उलट दिशेने जोडले तर जितके वेढे एका बाजूने तितकेच दुसऱ्या बाजूने, म्हणजे शून्य. सूत्रही तेच सांगते.

चार तारांच्या ट्रान्सफॉर्मरचे कोडे इथेच सुटते. २३० व्होल्टचा करंट अडवण्याचे काम तांब्याचा रोध करत नाही, फ्लक्सचा विरोध करतो. उलट जोडणीत फ्लक्सच उभा राहत नाही, आणि मग अडवायला फक्त तांबे उरते.

ठिपक्याचा अर्थ

आकृतीत कॉइलच्या एका टोकाशी काढलेला काळा ठिपका बघितला की अनेकजण पहिल्यांदा गोंधळतात. त्याची गरज खरी आहे. तार गाभ्यावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे गुंडाळली की उलट, हे साध्या आकृतीत दिसत नाही. ठिपका तेवढेच सांगतो: दोन्ही कॉइलमध्ये करंट ठिपक्याच्या टोकातून आत शिरला, तर दोघींचे फ्लक्स एकमेकांना साथ देतात.

एकसरी जोडणीत याचा वापर असा. करंटच्या वाटेवरून बोट फिरवत जावे. पहिल्या कॉइलमध्ये तो ठिपक्याकडून शिरला आणि दुसरीतही ठिपक्याकडूनच शिरला, तर जोडणी साहाय्यक. म्हणजे पहिलीचे बिनठिपक्याचे टोक दुसरीच्या ठिपक्याच्या टोकाला जोडलेले असते. ठिपका ठिपक्याला जोडला, तर करंट एकीत ठिपक्यातून बाहेर येतो आणि दुसरीत ठिपक्यातून आत जातो, म्हणून जोडणी विरोधी. ‘ठिपक्याला ठिपका’ ऐकायला जुळणारे वाटते आणि नेमके तेच उलटे आहे. समांतर जोडणीत मात्र ठिपक्याला ठिपकाच जोडायचा असतो. दोन्ही नियम वेगवेगळे पाठ करण्यापेक्षा करंटच्या वाटेवरून बोट फिरवणे चांगले.

मोजून M काढणे

M थेट मोजणारे मीटर सहसा हाताशी नसते. एलसीआर मीटर मात्र आता अनेक दुरुस्तीच्या दुकानांत आणि जवळपास प्रत्येक कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते. ते दोन टोकांमधला इंडक्टन्स मोजते. दोन्ही जोडण्या करून दोन आकडे घेतले की M आपोआप बाहेर येतो. दोन सूत्रांची वजाबाकी केली की L1 आणि L2 गळून पडतात आणि ४M उरतो.

```
M = (L(aid) - L(opp)) / 4
```

हवेतल्या, म्हणजे लोखंडी गाभा नसलेल्या, दोन कॉइल घेऊ. पहिली एकटी मोजली तर २५० मायक्रोहेन्री, दुसरी एकटी १६०. त्या शेजारी ठेवून एकसरीत जोडल्या आणि मीटरने ५३० मायक्रोहेन्री दाखवले. मग दुसरीची दोन टोके अदलाबदल केली, कॉइल जागची हलवली नाही, आणि मीटरने २९० दाखवले. मोठा आकडा साहाय्यक जोडणीचा, कारण M मिळवल्याशिवाय बेरीज ४१० च्या वर जाऊ शकत नाही. फरक २४०, त्याचा चौथा भाग ६०. म्हणजे M ६० मायक्रोहेन्री.

इथे एक फुकटचा ताळा मिळतो. ५३० आणि २९० यांची सरासरी ४१० येते, आणि २५० अधिक १६० हेही ४१०. हे जुळले नाही तर मोजमापात काहीतरी बिनसले आहे. बहुतेक वेळा टोके बदलताना कॉइल थोडी सरकलेली असते.

M नुसता सांगून नाते किती घट्ट ते कळत नाही. त्यासाठी M ला दोन्ही इंडक्टन्सच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागतात. २५० गुणिले १६० म्हणजे ४०,०००, त्याचे वर्गमूळ २००. ६० भागिले २०० म्हणजे ०.३. या आकड्याला कपलिंग गुणांक म्हणतात आणि तो k ने दाखवतात. तो १ च्या पुढे जात नाही, कारण आपल्याकडे आहे त्यापेक्षा जास्त फ्लक्स कोणतीही कॉइल दुसरीला देऊ शकत नाही. हिशोबात k १.२ आला तर तो शोध नव्हे, चूक आहे. बहुधा ४ ऐवजी २ ने भागलेले असते.

याच दोन आकड्यांच्या मधल्या जागेवर जुन्या रेडिओत एक सुंदर उपकरण चालत असे. व्हेरिओमीटर नावाच्या त्या उपकरणात एका स्थिर कॉइलच्या आत दुसरी कॉइल दांड्यावर फिरत असे आणि दोन्ही एकसरीत जोडलेल्या असत. मूठ फिरवली की M अधिक टोकापासून शून्यातून वजा टोकापर्यंत सरकायचा आणि एकूण इंडक्टन्स सलग बदलत जायचा. वरच्या कॉइल तशा बसवल्या, तर मूठ अर्धी फेरी फिरवताना इंडक्टन्स ५३० वरून २९० पर्यंत उतरेल आणि दोन्ही कॉइल काटकोनात आल्या की बरोबर ४१० होईल. स्टेशन लावण्याची ती एक पद्धत होती.

कपलिंग फार सैल असेल तर मात्र ही मोजणी भरवशाची राहत नाही. समजा आकडे आले ४१२ आणि ४०८. M निघतो १ मायक्रोहेन्री. पण मीटर एक टक्क्याने चुकत असेल तर प्रत्येक वाचनातच चार मायक्रोहेन्रीची शंका आहे, म्हणजे फरक जेवढा तेवढीच. असा M कागदावर लिहिता येतो, त्यावर विसंबता येत नाही. तेव्हा पद्धत बदलावी लागते: एका कॉइलला ठरावीक वारंवारतेचा मोजलेला करंट द्यायचा आणि दुसरीवर येणारे व्होल्टेज थेट मोजायचे.

लोखंड आले की आकडे हलतात

आता पुन्हा त्या चार तारांकडे. एलसीआर मीटर १०० किंवा १२० हर्ट्झवर ठेवले आणि ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूच्या सगळ्या तारा मोकळ्या सोडल्या. हे मोकळे सोडणे विसरू नये. ती वाइंडिंग कुठे शॉर्ट झाली असतील तर त्यांच्यातला करंट गाभ्यातला फ्लक्स मारून टाकतो, आणि साहाय्यक जोडणीतही मीटर क्षुल्लक इंडक्टन्स दाखवते. मग दोन्ही जोडण्या सारख्याच वाईट वाटतात आणि माणूस चांगला ट्रान्सफॉर्मर भंगारात काढतो.

समजा एकेका वाइंडिंगचा इंडक्टन्स ०.८० हेन्री दिसला. एकसरीत एका जोडणीला ३.१९ हेन्री, दुसरीला ०.०१ हेन्री. शंकेला जागाच नाही, पहिली जोडणी साहाय्यक. फरकाचा चौथा भाग ०.७९५, म्हणून k सुमारे ०.९९४. एका गाभ्यावर एकमेकांना लागून गुंडाळलेल्या वाइंडिंगकडून असेच अपेक्षित असते.

विरोधी जोडणीत उरलेले ते ०.०१ हेन्री म्हणजे दुसऱ्या वाइंडिंगला न भेटता निसटलेला फ्लक्स. ५० हर्ट्झला त्याचा विरोध जेमतेम ३ ओहम भरतो. तारेच्या ५० ओहमपुढे तो नगण्य, म्हणून सुरुवातीला काढलेले ४.६ अँपिअर जवळजवळ तसेच राहतात.

प्रत्यक्षात आकडे इतके चोख क्वचितच जुळतात. लोखंडी गाभ्याचा इंडक्टन्स स्थिर नसतो, फ्लक्स किती आहे त्यावर तो बदलतो. मीटर ठरावीक व्होल्टेज देते. एकट्या वाइंडिंगला ते पूर्ण मिळते, साहाय्यक जोडणीत मात्र प्रत्येकाला निम्मेच. फ्लक्स निम्मा झाला की लोखंड थोडे वेगळे वागते, आणि ३.१९ च्या जागी २.८ सारखा आकडाही दिसू शकतो. तेव्हा सरासरीचा ताळा चुकला म्हणून घाबरायचे कारण नाही. याच कारणाने मीटरवरचे ३.१९ हेन्री घेऊन २३० व्होल्टचा करंट काढू नये. तसा हिशोब केला तर २३० मिलिअँपिअर येतात, म्हणजे जवळपास पूर्ण भाराइतका करंट रिकामा ट्रान्सफॉर्मर घेतो असे निघेल. प्रत्यक्षात घेतलेल्या ५० मिलिअँपिअरवरून मागे हिशोब केला तर इंडक्टन्स साडेचौदा हेन्रीच्या घरात येतो. मीटरच्या एका व्होल्टने लोखंड पुरते जागेही होत नाही. जोडणी कोणती, हे मीटर निर्विवाद सांगते. विजेवर करंट किती लागेल, हे सांगणे त्याचे काम नव्हे.

मीटर नसेल तर

एलसीआर मीटर नसले तरी अडत नाही. १२ व्होल्ट एसी देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि साधा मल्टीमीटर पुरतो. मोबाइलचा चार्जर इथे चालत नाही, त्यातून डीसी येते. एका ११५ व्होल्टच्या वाइंडिंगला ते १२ व्होल्ट द्यायचे. त्याचे एक टोक दुसऱ्या वाइंडिंगच्या एका टोकाला जोडायचे. मग दोन्ही वाइंडिंगच्या उरलेल्या टोकांमध्ये एसी व्होल्टेज मोजायचे. २४ च्या जवळ आले तर जोडणी साहाय्यक, शून्याच्या जवळ आले तर विरोधी. विरोधी निघाली तर दुसऱ्या वाइंडिंगची टोके बदलायची आणि २४ येतात का हे पुन्हा बघायचे. जे टोक जोडल्यावर २४ आले तोच सांधा सोल्डर करायचा आणि त्यावर इन्सुलेशनची नळी चढवायची.

एक खबरदारी घ्यावीच लागते. १२ व्होल्ट द्यायचे ते ११५ व्होल्टच्या वाइंडिंगलाच. चुकून ते ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टच्या बाजूला दिले, तर तो उलटा चालू लागतो आणि उघड्या तारांवर शंभरच्या वर व्होल्टेज येते.

जुने इलेक्ट्रिशियन यापेक्षा सोपे करतात. त्यांच्याकडे सिरीज बोर्ड असतो: मुख्य विजेच्या वाटेत १०० वॉटचा तारेचा बल्ब. ट्रान्सफॉर्मर त्या बल्बमागे लावला आणि जोडणी विरोधी निघाली, तर बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम असतो, त्यात ट्रान्सफॉर्मरचे ५० मिळवले तरी करंट ०.४ अँपिअरवर थांबतो. ट्रान्सफॉर्मरच्या तारेत मग हजार वॉट नाही, आठ वॉट जळतात. काही सेकंद ते सहज सोसते. जोडणी साहाय्यक असेल तर स्विच टाकताना बल्ब क्षणभर लुकलुकेल आणि मग विझलेलाच राहील. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, त्याच्या आत स्वतःचे सर्किट असते आणि तो तारेच्या बल्बसारखा करंट आवरत नाही. या पद्धतीत प्रत्यक्ष मुख्य वीज असते, म्हणून सवय नसलेल्याने १२ व्होल्टचीच वाट धरलेली बरी.

विरोधी जोडणी हवीच असते तेव्हा

आतापर्यंत विरोधी जोडणी म्हणजे अपघात असे चित्र झाले. पण संगणकाचा पॉवर सप्लाय किंवा टीव्हीचा बोर्ड उघडला, तर वीज आत येते तिथेच फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेल्या दोन जाड तारांची एक कॉइल दिसते. तिला कॉमन मोड चोक म्हणतात, आणि तिचे सगळे काम या वजा चिन्हावर चालते.

उपकरणाचा करंट एका तारेने आत जातो आणि दुसरीने परत येतो. चोकची दोन वाइंडिंग अशी गुंडाळलेली असतात की या जाण्यायेण्याचे फ्लक्स एकमेकांविरुद्ध पडतात. उपकरणाच्या करंटसाठी ती विरोधी एकसरी जोडणी झाली. एकेक वाइंडिंग १० मिलीहेन्रीचे असेल आणि M ९.९५, तर करंटला दिसतो फक्त २० वजा १९.९, म्हणजे ०.१ मिलीहेन्री. उपकरणाला चोक आहे की नाही याचा पत्ताही लागत नाही. शिवाय फ्लक्स कटत असल्यामुळे दोन अँपिअर वाहत असतानाही तो छोटासा गाभा चुंबकीय दृष्ट्या भरून जात नाही. पॉवर सप्लायच्या जलद स्विचिंगमुळे येणारा गोंगाट मात्र दोन्ही तारांतून एकाच दिशेने बाहेर पडू पाहतो. त्याच्यासाठी फ्लक्स मिळतात आणि पूर्ण १० मिलीहेन्रीची भिंत आडवी येते.

हा चोक हाताने पुन्हा गुंडाळताना एक वाइंडिंग उलटे गेले, तर सारे फिरते. उपकरणाच्या करंटला आता ३९.९ मिलीहेन्रीचा सामना करावा लागतो, तेही तेवढ्या करंटला गाभा तग धरेपर्यंतच. तो भरून जातो, तापतो आणि भुणभुणतो, आणि गोंगाट मात्र जवळपास न अडता निघून जातो. बसवण्यापूर्वी तपासणे एका मिनिटाचे काम आहे. चोकची वीज आत घेणारी दोन टोके मोकळी ठेवायची, उपकरणाकडची दोन टोके एकमेकांना जोडायची आणि मोकळ्या टोकांमध्ये एलसीआर मीटर लावायचे. करंट जसा प्रत्यक्षात जाऊन परत येतो तसाच आता मीटरचा येईल. मीटरने शंभरेक मायक्रोहेन्री दाखवले तर चोक बरोबर गुंडाळला आहे, आणि चाळीस मिलीहेन्री दाखवले तर एक वाइंडिंग सोडून पुन्हा उलट दिशेने घालावे लागेल.

वजा चिन्ह कुठवर जाते

विरोधी जोडणीत २M इतका मोठा असेल का, की एकूण इंडक्टन्सच वजा यावा? नाही. M हा L1 आणि L2 यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाहून मोठा होत नाही, आणि ते वर्गमूळ दोघांच्या सरासरीहून मोठे नसते. म्हणून २M कधीही L1 अधिक L2 ला ओलांडत नाही. वाइंडिंग सारखी असतील आणि कपलिंग पूर्ण असेल, तेव्हाच उत्तर शून्याला टेकते.

पण दोघींपैकी एका कॉइलचा वाटा मात्र वजा असू शकतो, आणि ते पाहून अनेकांना मीटर बिघडल्यासारखे वाटते. २० पट वेढ्यांचा फरक असलेली दोन वाइंडिंग घेऊ: मोठे ४ हेन्री, लहान ०.०१ हेन्री. कपलिंग पूर्ण धरले तर M ०.२ हेन्री, म्हणजे लहान वाइंडिंगच्या स्वतःच्या इंडक्टन्सच्या वीसपट. ती विरोधी जोडली तर लहान वाइंडिंगचा वाटा ०.०१ वजा ०.२, म्हणजे उणे ०.१९ हेन्री. मोठ्याचा वाटा ४ वजा ०.२, म्हणजे ३.८. एकूण ३.६१ हेन्री. लहान वाइंडिंगवरचे व्होल्टेज खरोखरच उलट्या दिशेचे असते: मोठ्यावर पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज दिसते आणि लहान त्यातून उरलेले वजा करते. वेढ्यांनी ताळा घ्या. २० मधून १ गेला, १९ उरले, १९ आणि २० यांच्या वर्गांचे गुणोत्तर ०.९०२५, आणि ४ च्या ०.९०२५ पट म्हणजे ३.६१.

यामुळेच असमान वाइंडिंगची उलट जोडणी फ्यूज उडवत नाही. साहाय्यक जोडणीत ४.४१ हेन्री, विरोधीत ३.६१, फरक आहे पण आगीचा नाही. धोका असतो तो दोन सारख्या वाइंडिंगमध्ये, कारण तिथे कापायला समोर बरोबरीचा फ्लक्स असतो.